मोठी बाई घरात असल्यास एक

आमच्या अर्थशास्त्र विभागाच्या प्रमुखाला सगळं कॉलेज पाठीमागे ‘म्हणजेबाई’ म्हणतं. नाव मी पाडलं आहे आणि तिला ते ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही. कुणी काही सांगितलं की ती चष्मा कपाळावर चढवते आणि विचारते, “म्हणजे?” शिपाई म्हणाला की पंखा बिघडलाय, तर “म्हणजे? फिरत नाही, की फिरताना आवाज करतो?” डॉक्टरांनी एकदा तिला हलकं खायला सांगितलं, तेव्हा बाहेर ताटकळणाऱ्या रोग्यांच्या डोळ्यांदेखत तिने त्यांच्याकडून एकेका पदार्थाचा निकाल लावून घेतला. तिचा नवरा बापडा पूर्वी “लवकर येतो” म्हणून घराबाहेर पडायचा. लग्नानंतर लवकरच तो घड्याळातली वेळ सांगायला शिकला. माझा स्वभाव मुळात तापट, आणि अशा बाईच्या समोर टेबल लावून मी अर्धं आयुष्य काढलंय. आमचं कसं जमलं हे मलाही कोडंच आहे.

ही सवय काही ती जन्माला येताना घेऊन आली नव्हती. शिकत असताना घरखर्चाला हातभार म्हणून ती सर्वेक्षणाची कामं करायची. दारोदार जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून घ्यायची. एका प्रश्नावलीत होतं, ‘घरात खोल्या किती?’ एका दारी बाईने स्वयंपाकघर धरून आकडा सांगितला. शेजारचं घर हुबेहूब तसंच, पण तिथल्या बाईने स्वयंपाकघर सोडून सांगितला. हिने वरच्या साहेबाला विचारलं की नेमकं काय धरायचं. साहेब म्हणाला, “त्या सांगतील ते लिही आणि पुढे हो.” पुढे त्याचा जाडजूड अहवाल छापून आला आणि त्यात खोल्यांची सरासरी थेट दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत दिलेली. त्या दोन आकड्यांचा राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही. ती सांगते, “मोजलं काय हेच कुणाला माहीत नाही, आणि अचूकपणा बघ केवढा!”

तेव्हा आमच्या धाकटीचा पेपर तिच्या हाती पडला त्या दिवशी मी मनातल्या मनात धाकटीला नमस्कार केला.

धाकटी म्हणजे विभागातली सर्वांत तरुण अध्यापिका. हुशार, अबोल, नेहमी घाईत. नेमणूक करारावरची, सत्र संपलं की करारही संपणार. कायम जागेसाठी मुलाखती व्हायच्या होत्या आणि त्यासाठी बऱ्या जर्नलमध्ये स्वीकारलेला निदान एक पेपर लागत होता. तिचा एकुलता एक पेपर जर्नलच्या परीक्षकाकडून परत आला होता. नाकारलेला नव्हता. परीक्षकाने लिहिलं होतं की निष्कर्ष लक्ष वेधून घेणारा आहे, पण आकडेवारीच्या भागात प्रत्येक व्हेरिएबल, म्हणजे मोजलेली प्रत्येक गोष्ट, नेमकी कशी मोजली ते वाचकाला कळत नाही, ते स्पष्ट करावं. मी पत्र वाचलं आणि म्हटलं, “अगं, हे तर दारात उभं राहून आत या म्हणताहेत. चार ओळी वाढव आणि पाठवून दे.”

पेपर होता सहा वर्षांखालच्या मुलांच्या आयांवर. एका संस्थेने शहरातल्या काही वस्त्यांमध्ये सर्वेक्षण केलं होतं, धाकटी त्यात देखरेखीला होती आणि ती आकडेवारी तिला वापरायला मिळाली होती. तिचा निष्कर्ष असा, की घरात मोठ्या बाईची मदत असली तरी त्यामुळे या आया कमाईच्या कामावर जास्त जातात असं दिसत नाही. ऐकणारा चमकेल अशी गोष्ट होती. आपण सगळे उलटंच धरून चालतो.

पण धाकटीच्या तक्त्यात नुसती नावं होती. ‘काम: करत असल्यास एक, नसल्यास शून्य. शिक्षण: वर्षं. मदत: असल्यास एक, नसल्यास शून्य.’ म्हणजेबाईने तो कागद समोर ठेवला, चष्मा कपाळावर गेला आणि मी चहा सांगितला, कारण आता बराच वेळ जाणार होता.

“काम करते, म्हणजे?”

“मॅडम, कमाईचं काम.”

“कधी? आज? या वर्षी? आणि किती केलं म्हणजे केलं?”

धाकटीने मूळ प्रश्नावली उघडली. प्रश्न होता गेल्या सात दिवसांचा. त्यात निदान एक तास पैशासाठी किंवा वस्तूच्या मोबदल्यात काम केलेलं असलं, मग ते घरी बसून केलेलं का असेना, तर एक. घरच्या दुकानात मोबदल्याशिवाय बसणारी बाई शून्यात. आजारपणामुळे त्या आठवड्यात कामावर न गेलेली बाईसुद्धा शून्यात, जरी तिची नोकरी शाबूत असली तरी. म्हणजेबाई म्हणाली, “हे सगळं लिही. चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा. वाचकाला कळलं पाहिजे की या शून्यात कोण कोण बसलंय.”

शिक्षणाचंही तेच. वर्षं म्हणजे पास झालेल्या इयत्ता, शाळेत घालवलेली वर्षं नव्हेत. दोनदा नापास झालेल्या मुलीची त्यामुळे वर्षं वाढत नाहीत. कुणी उत्तर दिलं नसेल तर ते घर गाळलं, की तिथे सरासरी भरली? गाळलं असेल तर किती घरं गेली? कुणी विचारलं, कुणाला विचारलं, कुठल्या काळाबद्दल विचारलं, काय धरलं, काय सोडलं, कोऱ्या जागेचं काय केलं, एवढं सांगितल्याशिवाय ती कुठल्याच व्हेरिएबलला पुढे जाऊ देईना. मी मध्येच म्हटलं, “जर्नल वाचणारे काही दुधखुळे नसतात. कळतं त्यांना.”

“कळतं ना? मग करू या परीक्षा.”

ही तिची खास पद्धत. व्याख्या लिहून झाली की दोघांना खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसवायचं. दोघांच्या हाती व्याख्येचं तेच वाक्य द्यायचं, दोघांना एकाच घराची माहिती द्यायची आणि एक की शून्य ते लिहायला सांगायचं. दोघांचं उत्तर जुळलं तर वाक्य पुरं. नाही जुळलं तर वाक्यात भोक आहे. विद्यार्थ्यांवर ती हा प्रयोग नेहमी करते. एरवी एकाच बाकावर बसून एकमेकांचं बघून लिहिणारी पोरं वेगळी बसली की कशी वेगळं लिहितात, ते बघण्यासारखं असतं.

कामाच्या व्याख्येवर माझं आणि धाकटीचं पहिल्या फेरीत जुळलं नाही. काल्पनिक घरातली बाई शेजारणीचे कपडे शिवून द्यायची आणि बदल्यात शेजारीण तिला भाजी आणून द्यायची. मी शून्य लिहिलं. “वस्तूच्या मोबदल्यात” हे शब्द धाकटीने लिहायचे राहून गेले होते, म्हणून. म्हणजेबाईने माझ्याकडे फक्त बघितलं. मी चहा प्यायला लागले.

मग ‘मदत’ आली. धाकटीने मोजलं तसं वाक्य लिहिलं: ‘उत्तर देणाऱ्या स्त्रीखेरीज पंचावन्न किंवा त्याहून जास्त वयाची दुसरी स्त्री त्याच घरात राहत असल्यास एक, नसल्यास शून्य.’ वाक्य पहिल्यापासूनच नेटकं होतं. म्हणजेबाई खूश झाली. काल्पनिक घर रचायचा तिला कंटाळा आला असावा, कारण ती म्हणाली, “आता खरोखरचं घर घेऊ. हिचंच घ्या. घरी ही, हिचा नवरा, लहान मुलगा आणि हिची आई. लिहा.”

मी माझ्या कोपऱ्यात एक लिहिला. धाकटीनेही लिहिला एक. म्हणजेबाईने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि समाधानाने म्हणाली, “जुळलं. हे पुरं झालं. पुढचा घ्या.”

धाकटी उठली नाही.

“मॅडम, जुळलंय,” ती म्हणाली, “पण खरं नाहीये.”

“म्हणजे?”

“वाक्यानं बघितलं तर माझ्या घरापुढे एक येतो. नाव मात्र मदत आहे. माझी आई कुणाला सांभाळत नाही, मॅडम. तिला उठवावं लागतं, आंघोळ घालावी लागते, भरवावं लागतं. मुलाचं आणि तिचं उरकून मी निघते. मधल्या वेळात नवरा बघतो, त्याची दुपारपाळी असते म्हणून निभतं.”

दोन वर्षं ही मुलगी आमच्यात वावरत होती. आम्ही सगळ्या तिला येता-जाता म्हणत होतो, “तुझं बरं आहे बाई, घरी आई आहे.” ती हसायची आणि निघून जायची. आणि हा व्हेरिएबल तिनेच बांधलेला. स्वतःच्या घरासमोर स्वतःच्या हाताने एक लिहीपर्यंत तिच्याही लक्षात आलं नव्हतं की आपलं घर या एकात बसलंय.

मला सर्वांत जास्त वाईट वाटलं ते म्हणजेबाईचं. तिचा चेहरा पार उतरला. विभागाचं वेळापत्रक ती लावते, आणि सकाळचा पहिला तास सलग दोन वर्षं तिने धाकटीला दिला होता. कारण विचारलं असतं तर तिने तेच सांगितलं असतं जे आम्ही सगळे म्हणत होतो. जगाला म्हणजे काय म्हणून विचारणाऱ्या या बाईने, घरी आई आहे म्हणजे काय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

“मी विचारायला हवं होतं गं,” ती म्हणाली. आवाज एवढा लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

“मी तरी कुठे सांगितलं, मॅडम. करारावरची नोकरी. घरी असं आहे म्हटलं की लोक मनातल्या मनात फुली मारतात.”

मग बराच वेळ आम्ही पेपरवर आलो नाही. आल्यावर म्हणजेबाईने आधी स्वतःच्या परीक्षेची कानउघाडणी केली. दोन माणसांचं उत्तर जुळतं एवढ्यावर वाक्य स्पष्ट ठरतं, पण जे नाव दिलंय तेच मोजलं जातंय हे त्यातून ठरत नाही. “आपण मोजलं काय, तर घरात मोठी बाई आहे की नाही. आणि नाव दिलं मदत. वाचक नाव लक्षात ठेवतो, वाक्य विसरतो. नाव बदल.”

मी म्हटलं, “झालं तर मग. मदत खोडा, ‘घरात मोठी बाई’ लिहा, आणि पाठवा. परीक्षकाने स्पष्टीकरण मागितलंय, नवा पेपर मागितलेला नाही. पोरीची नोकरी टांगणीला लागलीय.”

म्हणजेबाई म्हणाली, “नुसतं नाव बदललंस तरी पेपर प्रामाणिक होतो. त्यापुढे जायचं की नाही ते तू ठरव. निष्कर्षच बदलला तर जोखीम तुझी आहे, आमची नाही.”

धाकटी आधी अंगठ्याचं नख कुरतडत बसली. मग म्हणाली, “पुढे जाते.”

आता प्रश्न असा होता की खरी मदत मोजायची कशी. प्रश्नावलीत एक प्रश्न होता, ‘गेल्या आठवड्यात तुमच्या मुलाला कुणी सांभाळलं?’ मी म्हटलं, हाच घ्या. पण त्यात गोम होती. कामावर जाणाऱ्या बाईला मुलाला कुणाकडे तरी ठेवावंच लागतं, म्हणून ती सासूचं नाव सांगते. घरी असलेल्या बाईची सासू धडधाकट असली तरी तिचं नाव येत नाही, कारण मूल आईपाशीच असतं. म्हणजे कामामुळे मदत दिसते आणि आपण म्हणणार मदतीमुळे काम वाढलं. धाकटीनेच हे सांगितलं आणि तो प्रश्न बाजूला ठेवला. मग तिला तब्येतीच्या भागातला प्रश्न आठवला. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाबद्दल विचारलेलं होतं: आधाराशिवाय घराबाहेर चालता येतं का? मुलामागे धावायचं तर निदान तेवढं हवं. तिने ‘घरात मोठी बाई’चे दोन भाग केले. आधाराशिवाय चालता येणारी एक, न येणारी दुसरी. दोन्हींची तुलना मोठी बाई नसलेल्या घरांशी.

आकडे आले तेव्हा ती माझ्या टेबलाशी धावत आली. पहिल्या प्रकारच्या घरात आया कमाईचं काम जास्त करत होत्या. दुसऱ्या प्रकारच्या घरात कमी. दोन्ही एकाच टोपलीत टाकल्यावर एकाने दुसऱ्याला खाल्लं होतं आणि हाती उरलं होतं जवळजवळ काहीच नाही. पहिल्या पेपरातला चमकदार निष्कर्ष म्हणजे ही टोपली होती.

आकडेवारीचा भाग पुन्हा लिहायला मात्र धाकटीला आठवडा लागला. म्हणजेबाईने तिच्याकडून प्रत्येक शब्द तासून घेतला. मोठ्या बाईच्या तब्येतीचं उत्तर खुद्द तिने नव्हे, मुलाच्या आईने दिलेलं आहे, हे लिही. चालता येणं म्हणजे सांभाळणं नव्हे. खाटेवर बसून गोष्टी सांगणारी आजी या मोजमापात धरली गेलेली नाही, हेही लिही. ज्या घरांनी तब्येतीचं उत्तर दिलं नाही ती गाळली, किती गाळली ते लिही. आणि ही विभागणी परीक्षकाच्या प्रश्नानंतर केली, मूळ योजनेत नव्हती, हे तर आधी लिही. जुना तक्ताही ठेव. मी वैतागून म्हटलं, “आता परीक्षकाला घरी जेवायलाही बोलवा.” दोघींनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या आठवड्यात फार बरं वाटत होतं. धाकटी पहिल्यांदाच आमच्या खोलीत बसून, घड्याळाकडे न बघता, वाद घालत होती.

पेपर गेला. परीक्षकाने आणखी एक बारीक शंका काढली, ती निस्तरली, आणि मुलाखतीच्या थोडं आधी स्वीकारल्याचं पत्र आलं.

मुलाखतीला प्राचार्य होते, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते आणि विभागातर्फे आम्ही दोघी. तज्ज्ञांनी पेपर वाचलेला होता. त्यांनी मदत आणि घरात असणं यातला फरक विचारला, धाकटीने नीट सांगितला. मग त्यांनी फाइल मिटली आणि सहज म्हणाले, “तुम्हाला लहान मुलगा आहे असं दिसतंय. त्याला कोण सांभाळतं?”

हा प्रश्न पुरुष उमेदवाराला कुणी विचारत नाही. मी तोंड उघडणारच होते, पण धाकटीने उत्तर दिलं.

“नवरा आणि मी, सर. घरी माझी आई असते. तिलाही आम्हीच सांभाळतो.”

हे ती टाळू शकली असती. घरी आई असते, एवढं म्हणून थांबली असती तर शब्द खरा ठरला असता आणि विषय संपला असता. तज्ज्ञांच्या भुवया जराशा वर गेल्या. “मग सकाळचा पहिला तास वगैरे कसं जमणार?”

“पहिला तास पुढच्या सत्रापासून माझ्याकडे आहे,” म्हणजेबाई म्हणाली. “वेळापत्रक मी लावते.” मला हे ती तिथेच सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

जागा धाकटीला मिळाली. प्राचार्यांनी नंतर सांगितलं की कुणाचं दुमत नव्हतं, तज्ज्ञांचंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ती पेढ्यांऐवजी नुसतंच तोंडभर हसू घेऊन आमच्या खोलीत आली आणि खुर्ची ओढून बसली. म्हणाली, आईला बातमी सांगितली तेव्हा आईने आधी एकच विचारलं, “माझ्याबद्दल काय सांगितलंस?”

“खरं तेच सांगितलं.”

“आणि तरी घेतलं तुला?”

“घेतलं.”

त्यावर आई म्हणाली, “तर मग आता कॉलेजचं कुणी घरी आलं की माझ्या खोलीचं दार लावून घेऊ नकोस.”

म्हणजेबाईने चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिली. पुढच्या रविवारी आम्ही दोघी धाकटीच्या घरी गेलो. तिची आई बाहेरच्या खोलीत, मऊ उशीला टेकून बसली होती आणि आमची वाट बघत होती.